मोठ्या फाटकावरची अक्षरं

आक्काला विचारायची लाज नाही. बसमध्ये चढण्याआधी ती कंडक्टरला विचारते आणि बसल्यावर शेजारणीला पुन्हा तेच विचारते. औषधाची गोळी जेवणाआधी की नंतर, हे ती डॉक्टरांकडून ऐकते आणि दुकानदाराकडून पक्कं करून घेते. घरात तिचं नावच पडलंय 'चौकशी खिडकी'. ठेवलं तिच्या धाकट्या भावाने, पेंटरने. शहरातल्या अर्ध्या पाट्या त्याच्या हातच्या, त्यामुळे कुणाला पत्ता विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं.

आक्का पूर्वी अशी नव्हती. शाळा संपल्यावर तिला नर्सिंगला जायचं होतं. त्यांचे वडील स्वाभिमानी माणूस; कुणाला काही न विचारता तिचा फॉर्म कॉलेजच्या मोठ्या इमारतीत देऊन आले. नर्सिंगचा वर्ग भरायचा दुसऱ्याच शाखेत. फॉर्म तिथे पोचेपर्यंत यादी लागून गेली होती. आक्का शिवणयंत्रावर बसली ती बसलीच. वडिलांना ती कधी एका शब्दाने बोलली नाही. पण त्या दिवसापासून विचारायची लाज मात्र सोडली.

आता पेंटरच्या मुलीला त्याच कॉलेजात लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. तिच्या मार्कांवर प्रवेश मिळेल अशी दुसरी जागा नव्हती, आणि फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस होता. पेंटर सकाळीच पाकीट मोठ्या इमारतीतल्या पेटीत टाकून, शीळ घालत घरी आला.

"कोणत्या शाखेत दिलास?" आक्काने मशीन थांबवून विचारलं.

"आक्का, त्या फाटकावरची अक्षरं मी रंगवलीत. कॉलेज कुठे आहे ते मला सांगतेस?"

"कॉलेज कुठे आहे ते नाही विचारलं. लॅबचा वर्ग कुठे भरतो?"

पोरीने वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर पत्ता होता, मोठ्या इमारतीचाच.

"बघ!" पेंटर म्हणाला.

"हा ऑफिसचा झाला. कोर्सच्या पानावर बघ गं."

तिथे शाखेचं नाव वेगळं होतं. तेवढ्यावर थांबेल तर ती आक्का कसली! तिने फोन लावला, कुणीतरी उचलेपर्यंत लावत राहिली. फॉर्म हॉस्पिटलमागच्या शाखेतच घेतात, तिथे पोचल्याची तारीख धरतात, आणि पेटीतली पाकिटं शाखांना उद्या जातात, एवढं सगळं तिने वदवून घेतलं. पेंटरचा चेहरा पडला. त्याला वडील आठवले असावेत.

"रडत बसायला वेळ नाही," आक्का म्हणाली. "पेटी उघडली नसेल तर पाकीट परत देतात. तेही विचारलंय. पोरीला घे, ओळखपत्र घे."

तिघं निघाली. मोठ्या इमारतीतला शिपाई आधी आढेवेढे घेत होता. आक्काने त्याला इतके प्रश्न विचारले, की त्याने किल्ली आणायला जाणंच पसंत केलं. पोरीचं ओळखपत्र पाहून, सही घेऊन क्लार्कने पाकीट परत दिलं.

हॉस्पिटलपाशी रिक्षातून उतरेस्तोवर खिडकी बंद व्हायची वेळ आली होती. समोर चढ होता आणि आक्काचे गुडघे तर आधीच बोलायला लागले होते. ती कठड्यावर बसली.

"तुम्ही व्हा पुढे. आत दोन इमारती आहेत म्हणे. विचारून जा."

पेंटर पोरीला घेऊन धावत सुटला. वर पोचून पाहतो तर दोन्ही इमारतींवर पाट्या, दोन्हींवर कॉलेजचं तेच नाव. आयुष्यभर पाट्या रंगवणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे पाहून काही कळेना. फाटकाशी एक सुरक्षारक्षक बाई उभी होती. पेंटर तिच्यापुढे गेला आणि त्याने चक्क हात जोडले.

"ताई, लॅब टेक्निशियनचे फॉर्म कुठे घेतात?"

"मागच्या इमारतीत, खाली. पळा, बंद होतंय."

ते खाली उतरले तेव्हा पोरगी केवढ्याने धापा टाकत होती! खिडकीतल्या माणसाने कागद तपासले, शिक्का मारला आणि पोच दिली.

पेंटर उतारावरून जवळजवळ पळतच खाली आला. आक्का अजून गुडघे चोळत कठड्यावरच होती. त्याने पोच तिच्या हातात ठेवली.

"शिक्का कुठल्या शाखेचा आहे, पाहिलास?"

"हो आक्का. याच शाखेचा. आजच्या तारखेचा. दोनदा विचारलं."

आक्का हसली. मग तिने तो शिक्का अंगठ्याने हलकेच चाचपला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भावासमोर तिचे डोळे भरून आले.