वाटीतले चिंचोके

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. गावातल्या एका लग्नात पंगतीतून उठताना आमच्या आत्यांनी बसल्या जागी मुद्दाम तांब्या लवंडला आणि ‘पाणी सांडलं गं’ म्हणत त्या मागं न बघता मांडवाबाहेर पडल्या. मी शेजारीच होते. लुगडं त्याआधीच भिजलेलं मी पाहिलं होतं. गप्प बसणं मला सहसा जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

त्यानंतर आत्यांनी आमचं लासुर्णं गाव सोडायचं नाव काढलं नाही. पाणीही सोडलं. वरून घातलंच नाही तर खालून येईल कुठून, असा त्यांचा हिशोब. चहा मात्र कुणाच्याही घरी घ्यायच्या, कारण चहा नाही म्हटलं की घरची बाई रुसते. अशात भिगवणहून त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नातीच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आलं, दीड-दोन महिने आधीच. या बहिणीला आत्यांनी कडेवर खेळवलेलं. तरी त्या म्हणाल्या, गुडघे दुखत्यात म्हणून सांग.

मला राग आला. गुडघ्यांवर कसला आळ घेता म्हटलं आणि त्यांना बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं लघवी आणि साखर तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती आणि आत्या ती संध्याकाळी घेत होत्या. डॉक्टरीणबाईंनी ती सकाळी घ्यायला सांगितली. पाणी तोडल्यानं लघवी दाट होते आणि लघवीची पिशवी जास्तच चिडते, हेही समजावलं. मग फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी तीन दिवसांची नोंद मागितली: कधी गेलात, कधी भिजलं.

आत्यांना लिहिता येत नाही, आणि असलं काही मी लिहून ठेवावं हे त्यांना मंजूर नव्हतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वाट्या. गेलं की चिंचोका टाकायचा, भिजलं की ज्वारीचा दाणा. दिवस संपला की त्या दिवसाच्या तीन पुरचुंड्या. त्या सगळ्या फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन आत्या एसटीनं पुन्हा बारामतीला गेल्या. बाईंनी टेबलावर चिंचोके नि दाणे शांतपणे मोजले. हसल्या नाहीत. आत्यांना त्या तिथंच पटल्या.

मग घरात घड्याळ आलं. सुरुवातीला तासातासाला जायचं, कळ असो नसो. जमायला लागलं की पाव तास वाढवायचा. मधेच कळ आली तर धावायचं नाही. बसायचं, पोटातला वारा अडवतो तसं खालून दोन-चारदा आवळायचं, सावकाश श्वास घ्यायचा, आणि कळ ओसरली की चालत जायचं. पाणी दिवसभर थोडं थोडं, चहा निम्मा, रात्रीच्या जेवणानंतर घोटभरच. आवळण्याचा व्यायाम रोज वेगळा, तो लघवी करताना करायचा नाही. डाळ निवडता निवडता आत्या बोलताना मधेच थांबल्या की आम्ही ओळखायचो.

पहिले आठवडे वैतागाचे गेले. दाराची कडी हाताला लागली की त्यांना हमखास कळ यायची. एकदा उंबऱ्यातच भिजलं तेव्हा त्या रडल्या, आणि मलाही रडू आलं. म्हाताऱ्या माणसानं स्वतःच्या घरात असं ओशाळं व्हावं, याचा मला फार संताप येतो. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या आपण घड्याळासमोर बसल्या. हळूहळू अंतर अडीच तासांवर गेलं. खोकला आला की अजून थेंब जातो, त्यासाठी त्या पॅड लावतात. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. पण एका सकाळी त्यांनी विचारलं, “भिगवणची एसटी किती वाजता हाय?”

डोहाळजेवणात दोघी बहिणी सतरंजीवर शेजारी बसल्या. ओटी भरायला बायका उठल्या, धाकटी मात्र हलेना. ओटीचं ताट हातात, मान खाली. कुणीतरी म्हणालं, उठा की मावशी. आत्यांनी एकदा बहिणीच्या तोंडाकडं बघितलं आणि हातातला पाण्याचा तांब्या तिच्या मांडीवर कलंडवला.

“माझ्या हातनं सांडलं गं. भिजवली की हिला. चल, लुगडं बदल.”

दोघी आतल्या खोलीत गेल्या. मी दाराशी उभी राहिले, कुणी आत जाऊ नये म्हणून. आतून आत्यांचा आवाज येत होता.

“कळ आली की पळायचं न्हाय. ऊस न्हाय का कारखान्याची तोडीची चिठ्ठी येईस्तोवर रानात उभा राहत? तसं थांबायचं. शिकवत्यात बारामतीला. मी येते तुझ्यासंगं.”

बाहेर आल्यावर त्यांनी बहिणीच्या सुनेला जवळ बोलावलं आणि घरात चिंचोके आहेत का, ते विचारलं.