उंबऱ्यावरचा ढवळा

गोमीबाई घरतांनी उभ्या आयुष्यात गाण्याची पहिली ओळ कधी म्हटली नव्हती. दुसरी ओळ मात्र त्यांच्यासारखी कोणी म्हणत नसे. चाळीस वर्षं त्यांची मोठी जाऊ ढवळारीण होती, म्हणजे लग्नातल्या विधींची गाणी, ढवळे म्हणणारी, आणि गोमीबाई तिची झेलकरीण. जाऊबाईंनी ओळ टाकायची, गोमीबाईंनी झेलायची. मांडव उभा राहण्यापासून ते हळद उतरेपर्यंत खाडीकाठच्या सात पाड्यांतलं कुठलंही लग्न या दोघींशिवाय लागत नव्हतं. नवरा-नवरीचे फोटो भिंतीवर लागायचे, या दोघींचे कधी लागले नाहीत, आणि त्याचं दोघींनाही काही वाटलं नाही. साडीचोळी, नारळ आणि पोटभर जेवण मिळालं की त्या खूश असत.

दिवाळीनंतर भातकापणी चालू असताना जाऊबाई गेल्या. बांधावर बसल्या होत्या, बसल्या जागीच कलंडल्या. गोमीबाई रडल्या नाहीत. दहाव्याला रडल्या नाहीत, बाराव्याला रडल्या नाहीत. भात झोडलं, कोंबड्यांना दाणे टाकले, नवऱ्याला भाकर-कालवण वाढलं. तोंडात घास गेला की तो गिळायचा एवढंच त्यांना समजायचं. सुकट खारट लागतेय की अळणी, याचा पत्ता नसायचा. विहिरीवरच्या बायका त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायच्या, "दगुड हाय ती. चालीस वर्सां एका ताटान जेवली, तं टिपूस नाय काढला." गोमीबाईंना त्याचाही राग येत नसे. राग यायला काहीतरी जागं असावं लागतं.

माघात जाऊबाईंच्या नातीचं, प्रणिताचं लग्न ठरलं. जाऊबाईंची सून विमल हळद-कुंकवाचं ताट घेऊन पडवीत आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"काकी, पोरीचे हालदीला ढवला तुमीच बोलायचा."

"मी झेलकरीन हाय गो. मना पयला येत नाय."

"चालीस वर्सां आयकलाव ना?"

"आयकलाय. बोलले नाय."

विमलला हे निमित्त वाटलं. पहिली ओळ शोधायला तिनं मोबाइल काढला. त्यात भावकीतल्या चार लग्नांचे व्हिडिओ होते. नवरी होती, डीजे होता, नाचणारे मामा होते. ढवळ्याच्या वेळेला मात्र चारही ठिकाणी व्हिडिओवाला जेवायला गेलेला. विमलनं मोबाइल पदरात गुंडाळला आणि खाली बसली.

"दुसरीकडची ढवलारीन आनायची तर आनू. पन ती आपले घरातले मानसांना नावानं कशी बोलवनार? आत्याबाय नातीचे हालदीला भायेरच राहतील, काकी."

हे मात्र खरं होतं. हळद आधी नवरीला लागत नाही. आधी गावदेवीला, मग घरच्या देवाला, मांडवातल्या उंबराला, उखळ-मुसळाला, आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना. त्यांना ढवळ्यातून हाक मारायची, उंबऱ्यावर त्यांच्या नावाचं हळदीचं पान ठेवायचं, तेव्हा ती आत येतात. ज्याला हाक गेली नाही तो दारातून परत फिरतो. गावात यावर कोणी वाद घालत नाही. गोमीबाई म्हणाल्या, "बघतंय," आणि कोंबड्या कोंडायला उठल्या.

हळदीच्या सकाळी अंगणात माणसाच्या दीडपट उंचीचे स्पीकर रचून ठेवले होते, पण ते संध्याकाळसाठी. ओटीवर बायका जमल्या. रांगोळीऐवजी तांदळाच्या पिठाचा चौक भरला. उखळात हळकुंडं पडली. पाच सवाशिणींनी मुसळाला आंब्याचा टाळा बांधून हात लावला आणि सगळ्यांनी गोमीबाईंकडे पाहिलं.

गोमीबाईंनी तोंड उघडलं आणि थांबल्या. त्यांच्याही लक्षात यायला वेळ लागला की आपण वाट बघतोय. डाव्या बाजूनं ओळ यायची, ती आली की आपलं तोंड आपोआप चालायचं. डाव्या बाजूला आज विमल होती, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

"काय येतंय ता तरी बोला," विमल म्हणाली.

गोमीबाई आठवत होतं तेवढं बोलल्या. चालीत नाही, बोलल्यासारखंच. "पाच जनींचा हात, एक जनीची साथ."

"ह्या उत्तर झाला. मग इचारला काय आसल?"

गोमीबाईंनी मुसळाकडे बघितलं. बायका ते उचलून धरून उभ्या होत्या, त्यांचे दंड भरून आले होते. एकीनं शेवटी कंटाळून मुसळ खाली टाकलं, पुन्हा उचललं, आणि त्या आवाजाबरोबर गोमीबाईंच्या तोंडून निघालं, "मुसल उचलिला, मुसल उचलिला, कोना कोनाचे हातांनी?"

मग उत्तर आलंच. ते कुठं गेलंच नव्हतं.

ढवळ्याची गोम त्यांना तेव्हा कळली. इतकी वर्षं ती डोळ्यांसमोर होती. जाऊबाई काही आभाळातून ओळी काढत नव्हत्या. हात जे करतोय तेच पहिली ओळ सांगते, दोनदा सांगते, आणि शेवटी विचारते की कोणाचा, कोणासाठी. झेलकरणीनं त्याचं उत्तर द्यायचं. म्हणजे उत्तर हाताशी असेल आणि विधी ठाऊक असेल, तर मधला प्रश्न सापडतो. हळद कुटून झाल्यावर चाळताना "हालद चालिली, हालद चालिली, कोनचे चालनीनं?" निघालं. मायेचे चालनीनं, हे उत्तर त्यांना येतच होतं. तेल कालवताना तेलाची ओळ निघाली. गावदेवीचं पान ठेवताना पानाची निघाली. चाल उत्तराची होती तीच वरची. फक्त शेवटी खाली न येता सूर वर ठेवायचा, म्हणजे समोरचीला झेलता येतो. बायका डोलायला लागल्या. पाटावर बसलेली प्रणिता डोळे मोठे करून धाकट्या आजीकडे बघत होती. गोमीबाईंना कसलाही आनंद होत नव्हता. मटार सोलावेत तशा त्या ओळी सोलत होत्या.

आणि उंबऱ्याशी आल्यावर सगळं अडलं.

उत्तर तर पाठ होतं. "आयली गो आयली, उंबऱ्यान उभी, पाय वले माजे, कशी येऊ घरी?" गेलेलं माणूस दारात उभं राहून हे म्हणतं. पण त्याच्या आधी काय? गोमीबाई हळदीचं पान हातात घेऊन उंबऱ्यापुढे बसल्या. "पान ठेविला, पान ठेविला..." म्हणून बघितलं. ते उत्तराला लागेना. पान ठेवल्यानं कोणाचे पाय ओले होतात? दिवा लावून बघितला. पाट मांडून बघितला. हाताला ओळच येईना.

"तुमी तर दरवेलेला होताव," एक बाई म्हणाली.

"मी आत बसायचे. हालदीत हात आसायचं माजं. ती उंबऱ्यावर पाठमोरी."

पाठ तेवढी आठवत होती. हिरवं लुगडं, मानेवरचा अंबाडा, उजवा खांदा जरासा वाकलेला. खांद्याच्या पुढं जाऊबाईंचे हात काय करत होते, ते चाळीस वर्षांत गोमीबाईंनी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. पाहायची गरज काय होती? ओळ तर येतच होती.

बायका कुजबुजायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, ऱ्हाऊ द्या, नवरीला हळद लावून घ्या, ऊन चढतंय. गोमीबाई उंबऱ्यापुढून उठल्या नाहीत. जाऊबाई भायेरच राहतील, एवढं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात होतं, आणि तेही दुसऱ्या कोणाबद्दल असल्यासारखं.

विमल वैतागून म्हणाली, "मना काय ठाव? मी तवा फडका घेवन उभी आसायचे. आत्याबाय उंबऱ्यावर रबरबाट करून ठेवायच्या, आनि पावने घसरू नयेत म्हनून पुसायचा कोनी? सुनेनं."

गोमीबाईंनी तिच्याकडे बघितलं. "कसला रबरबाट?"

"पान्याचा. तांब्या वतायच्या ना त्या, आख्खा."

तांब्या आला. गोमीबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, उजवा खांदा वाकवला आणि उंबऱ्यावर धार धरली. पाणी लाकडावरून दोन्ही बाजूंना पसरलं.

"पानी वतिला, पानी वतिला, कोना कोनाचे नावानं?"

सूर वर राहिला. विमलच्या अंगावर काटा आला, तिनं तो बाकीच्यांना दाखवला. आता नावं. जुन्यापासून नव्यापर्यंत, हा नेम. आजेसासऱ्यांचं झालं. सासऱ्यांचं झालं. सासूचं, बायोबाईंचं झालं. दर नावाला पाण्याची धार, दर नावाला उत्तर, तेही गोमीबाईच देत होत्या, सवयीनं. यापूर्वी इथंच संपायचं. बायोबाईंनंतर घरातलं कोणी गेलंच नव्हतं.

आता नाव जाऊबाईंचं होतं, आणि तिथं गोमीबाई अडल्या.

धाकट्या जावेनं थोरल्या जावेचं नाव घ्यायचं नसतं. सासू-सासऱ्यांचंही घ्यायचं नसतं, पण ती नावं ढवळ्यात चाळीस वर्षं ऐकून रुळली होती. लग्न होऊन आल्यापासून गोमीबाई तिला बाय म्हणत. दवाखान्यात केसपेपर काढतानाही नाव नवऱ्यानं सांगितलं होतं. पण ढवळ्यात बाय चालत नाही. बाया गावभर आहेत. हाक नावानं जायला हवी.

"पदीबाय," प्रणिता पाटावरून हळूच म्हणाली, विसरल्या असतील असं तिला वाटलं.

"मना ठाव हाय गो," गोमीबाई म्हणाल्या.

त्यांनी धार धरली. "पानी वतिला, पानी वतिला, पदीबायचे नावानं." आवाज स्वच्छ निघाला. आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर ते येईना. ओठांवर होतं, चाळीस वर्षांचं होतं, पण ते आपण म्हणायचं नाही हे त्यांना कळलं. हाक मारणारीनंच ओ दिली तर येणारी कोण? आतापर्यंत सगळ्या मेलेल्यांच्या वतीनं त्या आल्या होत्या, पदीबाईनं बोलवायचं आणि गोमीबाईनं यायचं. आज पदीबाईला बोलवलं होतं. आणि उजव्या बाजूची, झेलकरणीची जागा रिकामी होती.

इतके महिने जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. पदी मेली, हे त्यांना समजलं. तांब्या तसाच धरून त्या रडायला लागल्या.

विमलनं सरकून त्यांच्या उजव्या बाजूला बसकण मारली. तिचा आवाज घोगरा, सुरात अजिबात नाही. "आयली गो आयली," ती म्हणाली, "उंबऱ्यान उभी. पाय वले माजे, कशी येऊ घरी?"

गोमीबाईंचे डोळे वाहत होते आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. पुढची ओळ त्यांच्याच वाट्याची होती, शेवटच्या नावाला ती बोलवणारीची असते. ती त्यांना कोणी शिकवली नव्हती, आठवावीही लागली नाही.

"ये गो बाय," त्या म्हणाल्या, "वल्या पायानं ये."