दुभाषीबाई आणि सात माणसं

कर्नलसाहेबांनी टेबलावरच्या काचेवर अशी मूठ हाणली, की काच तर फुटलीच, पण तिचा एक तुकडा त्यांच्या हातात खोल घुसला. रक्ताची धार कीबोर्डवर सांडली. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने आपली ओढणी काढून हाताला गुंडाळली. समोरची बाई मात्र जागची हलली नाही.

निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या फौजी अधिकाऱ्यांना बाहेरच्या नोकरीसाठी तयार करणाऱ्या केंद्रात ही बाई चौदा वर्षं त्यांचे बायोडेटा लिहीत होती. त्याआधी एका कारखान्यात तिने नोकरभरती सांभाळलेली. सगळे तिला दुभाषीबाई म्हणत, कारण ती फौजेची भाषा कंपन्यांना कळेल अशी करून द्यायची. क्वार्टरमास्टर होतात? मग पुरवठा आणि साठा व्यवस्थापन. अ‍ॅडज्युटंट? मनुष्यबळ आणि प्रशासन. "हुद्द्यासमोर हुद्दा ठेवून भागत नाही," ती म्हणायची. "हाताखाली माणसं किती, जबाबदारी कशाची, निकाल काय, एवढं सांगा. कंपन्यांना तोफा विकत घ्यायच्या नाहीयेत." ठिकाणांची आणि मोहिमांची नावं ती आधीच काट मारून टाकायची.

त्या सकाळी साहेबांचं बटालियनचं नेतृत्व तिने 'आठशे जणांच्या विभागाचं प्रमुखपद' अशी उतरवली होती. मग ती साहेब मेजर असतानाच्या काळाकडे वळली. एकशेवीस जवानांची कंपनी, डोंगरातल्या रस्त्यावर मालवाहतुकीचं संरक्षण.

"छान. त्या काळात अ‍ॅट्रिशन किती होतं, सर?"

तिला विचारायचं होतं, किती जण सोडून गेले. कंपन्यांत त्या शब्दाचा अर्थ तेवढाच. फौजेत त्याचा अर्थ माणसं मारून झिजवत नेणं. तेवढ्यात मूठ आदळली.

"सात," ते म्हणाले. "सोडून गेले नाहीत. चिंधड्या झाल्या."

मग ते थांबेचनात. अठ्ठावीस गाड्या होत्या, एकमेकींना चिकटून. पुलाखाली सुरुंग उडाला आणि तिसरी गाडी माणसांसकट उलटी झाली. दोन्ही बाजूंनी गोळ्या सुरू. वायरलेसवाल्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली, तरी तो बटण दाबून बोलायला बघत होता. साहेब ड्रायव्हरला बाहेर ओढायला गेले तर कमरेपासून वरचाच भाग हातात आला. नाल्यात एक हल्लेखोर सापडला, त्याची बंदूक अडकली होती.

"मी बंदुकीच्या दस्त्याने मारलं त्याला. तोंड उरलं नाही तरी मारत राहिलो. एकोणीस-वीसचा असेल. हे कुठल्या रकान्यात घालणार, मॅडम?"

त्यांची बायको हळूच म्हणाली, "अहो, अठरा वर्षं झाली. मला हे आज कळतंय."

दुभाषीबाईने शिपायाकडून प्रथमोपचाराची पेटी मागवली. हातातली काच तिनेच चिमट्याने उपसली. पट्टी बांधताना विचारलं, "दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

"काय करणार? पद्धत बदलली. दोन गाड्यांत शंभर मीटर अंतर. निघायची वेळ रोज वेगळी. आधी पायी तुकडी रस्ता तपासणार, मग चाक हलणार."

"आणि निकाल?"

"चौदा महिने. दोनशे बारा फेऱ्या. एकही मेला नाही."

"हे कागदावर जाणार. नाल्यातलं नाही जाणार, ते तुमचं आहे. आणि त्या सात जणांचं..." ती अडखळली. "मेलेल्यांचा आकडा कोणी लिहीत नाही, सर. कंपन्या असा कागद बाजूला टाकतात."

"टाकू देत. सात राहील."

बाईने मनाविरुद्ध लिहिलं: 'हल्ल्यात सात सहकारी गमावल्यानंतर वाहतुकीची संपूर्ण पद्धत नव्याने बसवली, पुढील चौदा महिन्यांत २१२ फेऱ्या, जीवितहानी शून्य.'

तीन कंपन्यांनी पोचसुद्धा दिली नाही. चौथी इंधनाचे टँकर चालवणारी. तिथल्या मालकाचे दोन ड्रायव्हर आदल्या वर्षी जिवंत जळाले होते. त्याने कागद पालथा ठेवला आणि पहिलाच प्रश्न केला, "सात जण कोण होते?" साहेबांनी एकेकाचं नाव, वय सांगितलं. वाहतूक सुरक्षेची जागा त्यांना मिळाली.

तिसऱ्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज अजून तापलेला होता. "मॅडम, आगारातल्या व्यवस्थापकाने पाच टँकर चिकटून सोडले. मी त्याला गचांडी धरून भिंतीवर आपटला. दात पडलाय. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"

"मारहाण म्हणतात, सर. आमच्याकडेही तेच म्हणतात."

साहेबांचा आवाज खाली आला.

"माफीनामा लिहून द्याल?"

"नाही. तो तुम्हीच लिहायचा."

त्यांनी लिहिला. चार ओळींचा, खाडाखोड केलेला. दाताचा खर्च दिला, पंधरा दिवस बिनपगारी घरी बसले. व्यवस्थापक पुढे कधी त्यांच्याशी धड बोलला नाही. पण त्यानंतर आगाराच्या फाटकातून टँकर सुटायचे ते अंतर राखूनच.