डोळ्यानं माप घेणारी माणसं

शिलाई मशीनच्या खाली चिंध्या साठतात, तसे दुकानात किस्से साठतात. कुणी साठवत नाही, झाडू मारायचा आळस, दुसरं काय! आणि ज्या दुकानात कुणी तोंडानं काही बोलतच नाही, तिथं तर जास्तच साठतात.

मी मिरजेचा शिंपी. शाळा चौथीपर्यंत. मुलानं अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आणलं आणि म्हणाला, बाबा, आता आराम करा. आराम हा काय धंदा आहे? जवळच कोरियन नवरा-बायकोचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, तिथं जाऊन ऑल्टरेशनला बसलो. पार्कसाहेब इस्त्री आणि वाफेची मोठी प्रेस बघतात, पार्कबाई काउंटर, आणि त्यांची मुलगी ग्रेस सकाळचं कॉलेज सुटलं की हिशेबाला येते. माझं इंग्रजी फाटकं, पार्कबाईंचं ठिगळाचं. मधे ग्रेस.

पहिल्याच दिवशी पार्कबाईंनी माझं वय विचारलं. मी म्हटलं, कशाला, मुलगी द्यायचीय? तरी सांगितलं, चौऱ्याहत्तर.

दुपारी मागच्या खोलीत जेवायला बसलो. भात, सूप, मासा, सगळं टेबलावर. आणि तिघंही हात मांडीवर ठेवून बसलेले. मी म्हटलं यांची काही प्रार्थना असेल. थांबलो. सूप निवलं. पार्कसाहेब भिंतीकडं बघतायत, बाई माशाकडं, मी सगळ्यांकडं. शेवटी ओरडलोच, जेवायचं की नाही?

ग्रेस हळूच म्हणाली, "अंकल, इथं सगळ्यात मोठे तुम्ही आहात. तुम्ही चमचा उचलायची वाट बघतायत."

अरे, मग सांगा ना! मला काय स्वप्न पडतं?

*

न सांगता ओळखायच्या या प्रकाराला यांच्यात एक शब्द आहे. तो मला एका गिऱ्हाइकामुळं कळला. एक बाई पार्टीचा ड्रेस घेऊन आली, बसत नाही म्हणाली. मी टेप लावली आणि जे होतं ते सांगितलं. "वजन वाढलंय. दोन्हीकडून सोडावं लागेल."

बाईचं तोंड एवढंसं झालं. पार्कबाई पळत आल्या, ड्रेसची कड बोटांत धरली आणि म्हणाल्या, हे कापड हिवाळ्यात आकसतं. बाई खूश! ड्रेस ठेवून गेली. ती दाराबाहेर पडताच पार्कबाई माझ्याकडं वळल्या. "मास्टर! नुन्ची ऑप्सॉ!"

म्हणजे मला नुन्ची नाही. ग्रेसनं समजावलं. समोरच्याच्या मनात काय चाललंय, खोलीची हवा कशी आहे, हे न विचारता ओळखायचं आणि त्याप्रमाणं बोलायचं किंवा गप्प राहायचं. शब्दाचा अर्थच डोळ्यानं माप घेणं. नुन्ची म्हणे चांगली-वाईट नसते, जलद असते नाहीतर मंद. आणि काहींना नसतेच. हे बोलताना ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, पोरी, डोळ्यानं माप घेणारा शिंपी गिऱ्हाइकाचं कापड वाया घालवतो. टेप कशाला केलीय?

*

दिवाळीची सुट्टी मागितली. पार्कबाईंनी दातांतून हवा ओढली, मान तिरकी केली, म्हणाल्या, "मे बी… लिटल बिझी." मी म्हटलं थँक्यू, आणि दिवाळीला दुकानात गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण हँगर असे आपटत होत्या की दांडी खाली येते की काय! कपडे माझ्या टेबलावर ठेवत नव्हत्या, टाकत होत्या. संध्याकाळी ग्रेसनं उलगडा केला. ती तिरकी मान म्हणजे "नाही" होतं. आणि हे हँगर म्हणजे तिची आई मला नुन्ची देतेय, न बोलता राग कळवतेय. यांच्यात नुन्ची बघतात, खातात, आणि वर देतातसुद्धा!

खातात कशी, ते विचारलं. ती म्हणाली, दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या चेहऱ्याकडं बघत बघत जो भात गिळायचा, त्याला नुन्चीचा भात म्हणतात.

मी सुईत दोरा ओवत होतो. मुलगा वाईट नाही, सूनही नाही. पण हीटर वाढवायच्या आधी मी जिन्यात उभा राहून तिचा आवाज ऐकतो, मूड कसा आहे म्हणून. ग्रेसला एवढंच म्हटलं, आमच्यात तो शब्द नाही. भात आहे.

*

आता या सगळ्यावर कडी ऐका. पार्कसाहेबांचे हात थरथरायला लागले होते.

ज्या माणसानं तीस वर्षं कॉलरला सुरकुती राहू दिली नाही, त्याच्या इस्त्रीखाली शर्ट जळायला लागले. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पार्कबाई म्हणाल्या, इस्त्री जुनी झाली. नवी आणली! नव्या इस्त्रीनंही जाळले. मग म्हणाल्या, वाफेचं प्रेशर बरोबर नाही. माणूस बोलवून पाइप तपासला. एक दिवस साहेबांच्या मनगटावर फोड आला. बाईंनी पट्टी बांधली आणि बोलल्या ते हवामानाबद्दल.

माझं डोकं फिरलं. उद्या त्या मोठ्या प्रेसमध्ये बोटं सापडली तर? काय करणार, प्रेस बदलणार? मी ग्रेसला विचारलं, तुझ्या बापाला तू का सांगत नाहीस?

"मी लहान आहे, मला बोलता येत नाही. आई बोलली तर त्यांची मान खाली जाईल."

"त्यांना स्वतःला कळत नाही?"

"कळतं ना. आम्हाला कळलंय, हेही कळतं."

"मग?"

"मग काय? सगळे सांभाळून घेतायत."

याला सांभाळणं म्हणतात! घराला आग लागलीय आणि सगळे एकमेकांना विचारतायत, थंडी वाजत नाही ना?

*

एका सोमवारी दुकानात गेलो तर माझं मशीन जागेवर नाही. खिडकीपासून उचलून पार पाठीमागं, पार्कसाहेबांच्या इस्त्रीच्या टेबलासमोर ठेवलेलं. कारण विचारलं तर पार्कबाई म्हणाल्या, काउंटरला जागा लागते. कसली जागा? खिडकीपाशी नुसती एक कुंडी आणून ठेवली होती.

आता दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर ते हात. एक शर्ट जळाला, गप्प बसलो. दुसरा जळाला, दात खाल्ले. गुरुवारी ते मोठ्या प्रेसचं झाकण ओढायला गेले, आणि एक हात आतच राहिला होता. मी स्टूल पाडून धावलो आणि झाकण धरलं.

आणि मग जे तोंडात आलं ते बोललो, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. "पार्कसाहेब, हात गेले तुमचे. तीन महिने झाले, सगळे बघतायत. आता बास. मी थोरला आहे तुमच्याहून, मी सांगतोय. बसा खाली."

ग्रेस रडायच्या बेतात. पार्कबाई काउंटरवर पावत्या लावत होत्या, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पार्कसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. एप्रन सोडला, घडी घातली, चार कोपरे जुळवून. खुर्चीत बसले आणि कोरियनमध्ये काहीतरी म्हणाले. मी ग्रेसला म्हटलं, शिव्या देतायत का?

"नाही. म्हणतायत, कुणी बोलतच नव्हतं, मग मी थांबणार कसा?"

दुसऱ्या दिवसापासून प्रेसवर नवा माणूस आला. तो पार्कबाईंनी सोमवारीच ठरवून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. पार्कसाहेब काउंटरला बसले, आणि माझं मशीन परत खिडकीत. कुंडी गायब.

दुपारी जेवताना मी पार्कबाईंना सरळ विचारलं. सोमवारी हलवलं, शुक्रवारी परत आणलं, हा काय खेळ आहे?

त्यांनी माझ्या ताटलीत माशाचा मधला तुकडा ठेवला.

"मास्टर," त्या म्हणाल्या, "खिडकीत उजेड चांगला."