सोनीबाईची हळद

मारेगावजवळच्या तांड्यातल्या सोनीबाईला चार वर्षं लघवीच्या जागी खाज आणि आग होती. मेडिकलवाल्याने बुरशीच्या सात ट्यूबा खपवल्या. खाज राहिली, कातडी मात्र पांढरी पडली. हे तिने विश्वासाने धाकटी जाऊ संगीताला सांगितलं. संगीताने ते ‘कोड’ म्हणून तांडाभर पोचवलं, आणि बायकांनी सोनीबाईला शेजारच्या एका नवरीच्या हळदीतून उठवलं.

यवतमाळला डॉक्टरीणबाईंनी तपासलं. “हे कोड नाही, बुरशीही नाही. लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार आहे. कोणाला लागत नाही. हे स्टेरॉइडचं मलम महिनाभर रोज रात्री लावा, मग कमी करू. तिथे साबण नको. क्वचित कॅन्सर होतो, म्हणून दाखवत राहा.”

“कोड नाही, लागत नाही, एवढं मोठ्या अक्षरात लिहून द्या,” सोनीबाई म्हणाली.

तो कागद तिने पाच महिने जपला. संगीताच्या लेकीच्या हळदीला, भरल्या मांडवात, तो संगीताच्याच हाती दिला.

“वाच. बारावी शिकली न तू?”

“आता कायले, जाऊबाई?”

“जोरानं वाच. सांगतानी आवाज मोठा होता तुया.”

संगीताने वाचला. मग सोनीबाईने नवरीला दोन बोटं हळद लावली, आणि उरलेली वाटी मायेने संगीताच्या तोंडाला फासली.