वीस ग्रॅमचे पाच ग्रॅम

पिंपळगाव बसवंतला कांदा मार्केटच्या मागच्या गल्लीत अनवरी शेख यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग गन, भिंतीला टांगलेल्या केबलींची भेंडोळी आणि कोपऱ्यात रांगेनं मांडलेली सरकारी शिक्क्याची वजनं. दुकान मुळात त्यांच्या नवऱ्याचं, अब्बासभाईंचं. दांडीच्या तराजूपासून ट्रकच्या काट्यापर्यंत सगळं त्यांनी हातानं केलेलं. पुढे साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. आधी बारीक सोल्डरिंग जमेना, मग डिस्प्लेवरचे आकडे दिसेनात. अनवरीबाई शेजारी बसून आकडे वाचून दाखवायच्या. वाचता वाचता हातात गन आली, आणि तीन वर्षांनी दुरुस्तीचा परवानाही त्यांच्याच नावावर झाला. आता त्यांना अठ्ठेचाळीसावं चालू आहे. व्यापारी पहिल्यांदा फोन करतात तेव्हा अजूनही विचारतात, "मिस्त्री आहेत का?" त्या म्हणतात, "बोलतेय."

त्या दिवशीचा फोन मात्र व्यापाऱ्याचा नव्हता. वणीकडच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यातून निकिता सिस्टर बोलत होत्या. बाळांच्या वॉर्डातला काटा बिघडला होता. आधी एकजण येऊन गेला, म्हणाला, वजन मोजणारा आतला लोडसेल गेलाय, नवा काटाच घ्या. नवा यायला महिना लागणार होता.

"आकडा कसा करतो? सरकतो की उडी मारतो?" अनवरीबाईंनी विचारलं.

"दोन्ही करतो ताई. आणि आमच्याकडे एक बाळ आहे, त्याचं सगळं वजनावरच अडलंय."

अनवरीबाईंनी पिशवीत मीटर, पेचकस आणि वजनांची पेटी टाकली आणि साडेनऊची एसटी धरली.

वॉर्डात सहा खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर वैष्णवी नावाची मुलगी बसली होती, बावीस-तेवीसची, डोक्यापर्यंत शाल ओढलेली. तिच्या छातीशी अठरा दिवसांचं बाळ. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं होतं, जन्माचं वजन एक किलो आठशे. शेजारी स्टुलावर तिची सासू, कुसाबाई, हाताची घडी घालून बसलेली.

निकिता सिस्टरनं वजनाची वही उघडून दाखवली. काल सकाळी एक किलो नऊशे पंचाऐंशी. दुपारी एक किलो नऊशे चाळीस. आज सकाळी पुन्हा नऊशे सत्तर.

"सलग तीन दिवस वजन वाढलं की डॉक्टर घरी सोडणार," सिस्टर म्हणाल्या. "इथं वाढतंय की घटतंय हेच कळेना. आणि दूध किती जातं ते बघायला पाजायच्या आधी आणि पाजल्यावर वजन करतो आम्ही. तर फरक येतो पाच ग्रॅम. कधी शून्य."

"म्हंजे दूधच नाय तिला," कुसाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "मी लय दिस सांगती, वरचं दूध चालू करा."

वैष्णवीनं मान खाली घातली. बाळ चोखत होतं, गिळताना गळ्याशी बारीक आवाज येत होता. अनवरीबाईंना तीन मुलं झालेली. तो आवाज त्यांनी ऐकला, पण बोलल्या नाहीत. त्या काट्यासाठी आल्या होत्या.

काटा दहा किलोचा, पाच-पाच ग्रॅमनं आकडा दाखवणारा. खाली चपटं बूड, वर बाळाला निजवायचा वाडग्यासारखा ट्रे, आणि डिस्प्ले वेगळा, चाकांच्या दांडीवर. बुडापासून डिस्प्लेपर्यंत केबल गेलेली. दांडी रोज इकडून तिकडे ढकलली जायची आणि केबल चाकाजवळून लोंबत होती. अनवरीबाईंचं पहिलं मत तिथंच ठरलं: केबल. चाकाखाली येऊन आत तार तुटली असणार. बाजारातल्या काट्यांत दहापैकी सहा वेळा तेच निघतं.

त्यांनी आधी रिकामा काटा चालू केला. शून्य. मग केबल वीत वीत हातात घेऊन हलवत, वाकवत गेल्या, डोळे आकड्यावर. चाकाजवळ दाबली, बुडाशी मुरडली. आकडा ढिम्म. काटा बंद करून त्यांनी केबलचा गोल प्लग सोडवला आणि मीटर लावला. लाल-काळ्या तारांत चारशे ओहमच्या आसपास, हिरव्या-पांढऱ्यांत साडेतीनशे, हवे तेवढेच. पुन्हा केबल हलवली. मीटरचा आकडा जागचा हलला नाही.

"केबल नाही," त्या म्हणाल्या. स्वतःलाच सांगितल्यासारखं.

"रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतात," सिस्टरनं सांगितलं. "पाणी गेलं असेल का आत? सकाळचंच जास्त बिघडतं."

ते पटण्यासारखं होतं. आत ओल शिरली की आकडा उडी मारत नाही, हळूहळू सरकत राहतो, आणि दिवस तापला की सुधारतो. अनवरीबाईंनी चारही तारा एकत्र जोडल्या आणि त्या आणि काट्याची धातूची बॉडी यांच्यामध्ये छोटं इन्सुलेशन मीटर लावलं. हे मीटर कमी दाबाचं. वायरमनचा मोठा मेगर इथं लावला तर लोडसेलच जळायचा. ओल असती तर आकडा खाली आला असता. तो हजारो मेगओहमवर जाऊन थांबला. प्लगच्या पिनाही कोरड्या, चकचकीत. त्यांनी रिकामा काटा वीस मिनिटं चालू ठेवून दिला. शून्य सरकलं नाही.

"आत कोरडं आहे सिस्टर. लोडसेलही चांगला आहे. नवा काटा नको."

तेवढ्यात सिस्टरनं पलीकडच्या बाळाचा बंद असलेला वॉर्मर चालू केला. टक् असा आवाज झाला, हीटर चालू झाला, आणि आकडा शून्यावरून पंचवीसवर गेला. पंधरा. तीस. मग शून्य. अनवरीबाई ताठ झाल्या. त्या काहीच न करता उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी पुन्हा टक्. पुन्हा उडी.

वॉर्मर, काविळीच्या बाळांसाठीचं निळ्या दिव्याचं यंत्र आणि काटा एकाच लांब एक्स्टेन्शन बोर्डवर होते. बोर्डच्या प्लगची अर्थिंगची पिन तुटलेली. काट्याला त्याचा मूळ अडॅप्टर नव्हताच, कुणीतरी दुसराच हलका अडॅप्टर बसवला होता. त्यांनी अडॅप्टर काढला. काटा आतल्या बॅटरीवर चालू राहिला. वॉर्मर तीनदा चालू-बंद झाला, आकडा हलला नाही. खात्रीसाठी त्यांनी अडॅप्टर पुन्हा जोडला. उड्या परत आल्या. काढला, गेल्या.

"सापडलं!" निकिता सिस्टरचा चेहरा उजळला. "ताई, चहा मागवते."

चहा आला. पाऊण वाजताच्या परतीच्या एसटीला अर्धा तास होता. अनवरीबाईंनी मीटर पिशवीत ठेवला, पण कप हातात घेऊन वहीकडे बघत बसल्या. उडी पंचवीस-तीसची होती आणि येऊन जात होती. वहीत पंचेचाळीसचा फरक होता. आणि पाजल्यावर प्रत्येक वेळी कमीच कसं? विजेची गडबड असेल तर कधी जास्तही दाखवायला हवं. ती एका बाजूची नसते.

त्यांनी कप खाली ठेवला.

"सिस्टर, बाळाचं डोकं कुठल्या बाजूला ठेवता?"

"ठरलेलं नाही. जसं येईल तसं. पाजताना मात्र दोन्ही वेळा आईच्या खाटेकडे, डावीकडे."

अनवरीबाईंनी वजनांची पेटी उघडली. बॅटरीवरच, दोन किलो ट्रेच्या मधोमध. आकडा बरोबर दोन किलो. उजवीकडे सरकवलं, तेच. डावीकडे सरकवलं. एक किलो नऊशे पंचावन्न.

वैष्णवीही मान वर करून बघायला लागली होती.

अनवरीबाईंनी दोन किलो डावीकडेच राहू दिलं आणि त्यावर वीस ग्रॅमचं छोटं वजन अलगद ठेवलं. आकडा पाचनं वाढला. फक्त पाचनं. वीस काढलं, पाच गेले. मग सगळं उजवीकडे नेलं आणि वीस ठेवलं. बरोबर वीस.

"कुठंतरी टेकतंय," त्या म्हणाल्या.

ट्रे चार अंगठ्याच्या स्क्रूंवर होता, तो काढायला सरकारी सील तोडावं लागत नव्हतं. तो उचलला. खाली धातूची चौकट, आणि चौकट व बूड यांच्यामध्ये बोटाच्या नखाएवढी फट. त्यांनी जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी फटीत घालून सगळीकडून फिरवली. डाव्या कोपऱ्याशी पट्टी अडली. चिमट्यानं ओढलं तर इंजेक्शनच्या सुईचं पांढरं प्लॅस्टिकचं टोपण बाहेर आलं. सकाळी फडकं फिरलं की ते थोडं इकडे, थोडं तिकडे सरकत असणार.

कुसाबाई उठून जवळ आल्या. "एवढ्याशानं?"

"आजी, आत लोखंडाची एक पट्टी आहे," अनवरीबाईंनी टोपण त्यांच्या तळहातावर ठेवलं. "वजन ठेवलं की ती केसाएवढी वाकते. किती वाकली ते यंत्र मोजतं. बाळ या बाजूला निजवलं की चौकट या टोपणावर टेकायची. मग दुधाचं वजन जायचं टोपणावर. पट्टीला कळायचंच नाही."

"म्हंजे दूध जात हुतं?"

"ते मी कसं सांगू? ते आता काटा सांगेल."

पण डॉक्टर आल्यावर त्यांनी आधी वही बघितली आणि मागच्या आठवड्यावर आडवी रेघ मारली. कुठला आकडा कुठल्या बाजूचा, ते आता सांगता येणार नव्हतं. "आज पहिला दिवस धरायचा," ते म्हणाले. वैष्णवीला वाटलं होतं, आज-उद्या घरी. तिचे डोळे भरले. अनवरीबाईंनाही वाईट वाटलं. काटा नीट झाला, आणि त्या मुलीचे तीन दिवस मात्र वाढले.

एसटी तोवर निघून गेली होती. अनवरीबाई थांबल्या. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघितलं, चढत्या क्रमानं, मग उतरत्या. सगळीकडे तेच. शेवटी सिस्टरला सांगितलं, "वजन बॅटरीवरच करा, चार्जिंग नंतर. बोर्डची पिन वायरमनकडून बदलून घ्या, मूळ अडॅप्टर मी पाठवते. आणि रोज पुसल्यावर ही पट्टी फटीतून एकदा फिरवा."

दोनच्या सुमारास बाळ जागं झालं. पाजण्याआधी ट्रेमध्ये निजवलं. एक किलो नऊशे नव्वद. मग वैष्णवीनं घेतलं. अर्धा तास सगळा वॉर्ड आपापलं काम करतोय असं दाखवत होता. त्याच कपड्यात, त्याच दुपट्यात बाळ पुन्हा ट्रेमध्ये आलं. त्यानं पाय झाडले, आकडा नाचला, मग थांबला.

दोन किलो पंचवीस.

"पस्तीस," निकिता सिस्टर म्हणाल्या. "एका वेळी पस्तीस ग्रॅम."

वैष्णवी आकड्याकडे बघत राहिली, तो पुन्हा बदलेल की काय अशी. कुसाबाईंनी पिशवीतून डबा काढून सुनेच्या मांडीवर ठेवला. "खाऊन घे. सकाळधरनं पोटात काय नाय तुझ्या." आणि बाळ स्वतःच्या हातात घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी अनवरीबाई एका कांदा व्यापाऱ्याच्या काट्याखाली उताण्या पडल्या होत्या. फोन वाजला. निकिता सिस्टर होत्या. दोन किलो शंभर, सासू-सून बाळाला घेऊन आत्ताच वडाप जीपनं गावाला गेल्या.

"बरं झालं," अनवरीबाई म्हणाल्या. फोन छातीवर ठेवून त्या क्षणभर तशाच पडून राहिल्या. मग वरून व्यापाऱ्यानं विचारलं, "सापडलं का काही?"

"थांबा," त्या म्हणाल्या, "अजून बघतेय."