रामहरीचं चौथं वाक्य

नव्या पेठेतल्या टायपिंग क्लासात मी सकाळी शिकायचो आणि दुपारी पोरांचे अहवाल टाइप करून द्यायचो. त्यामुळे तंत्रनिकेतनातली सगळी विद्वत्ता माझ्या बोटांखालून जायची. अहवाल पुरा झाला की शेवटी गोषवारा लिहायचा आणि बांधताना तो सर्वांत पुढं लावायचा, अशी रीत. पण पोरं तो लिहीत नसत. अहवालांवर सही करणाऱ्या कमलाकर सरांचा एक ठरलेला मजकूर होता: ‘अमुक विषयाचा सखोल अभ्यास केला असून उपयुक्त निष्कर्ष काढले आहेत.’ ‘अमुक’च्या जागी एका वर्षी विटा, दुसऱ्या वर्षी गटारं. इंग्रजीतला तो मजकूर मी डोळे मिटून टाइप करायचो.

रामहरी मोडनिंबचा. वडील आप्पा गवंडी. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या दिवसांतली ही गोष्ट, म्हणून त्याचा विषय होता सिमेंटमध्ये उसाच्या चिपाडाची राख मिसळण्याचा. राखेचं पोतं त्यानं एस्टीच्या टपावरून आणलं होतं. गोषवारा त्यानं स्वतः लिहिला, तीन पानी.

“अरे, हे गोषवारा की कीर्तन?” मी म्हणालो. “पोतं, एस्टी, कंडक्टरशी झालेलं भांडण, सगळं यात?”

“लई मेहनत घेतलीया गड्या.”

“मेहनत आत राहू दे. ज्यानं अहवाल उघडलाच नाही त्याला काय कळायला हवं, तेवढं सांग.”

तो तिथंच बाकड्यावर बसला आणि खोडत सुटला. शेवटी चार वाक्यं उरली. सिमेंटची टंचाई आहे, म्हणून त्यातलं काही काढून राख घालता येते का ते पाहिलं. नुसत्या सिमेंटचे, दहा टक्के राखेचे आणि वीस टक्के राखेचे मिळून अठरा ठोकळे केले, निम्मे सात दिवसांनी आणि निम्मे अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडले. अठ्ठावीस दिवसांनंतर दहा टक्के राखेची ताकद जवळजवळ तेवढीच राहिली. आणि चौथं: वीस टक्क्यांना ती सुमारे एक तृतीयांशानं घटली, म्हणून तितकी राख भार पेलणाऱ्या बांधकामात घालू नये.

मी टाइप केलं. तो सरांची सही घ्यायला गेला, मीही कार्बन प्रती धरून सोबत.

सरांनी वाचलं. चौथ्या वाक्यापाशी चष्मा काढला. गेल्याच महिन्यात एका सभेत त्यांनी ‘राख मिसळून सिमेंटचा पाचवा हिस्सा वाचवू’ असं ठणकावून सांगितलं होतं.

“हे शेवटचं काढ.”

“सर, आत एकविसाव्या पानावर आकडे हायेत.”

“आत असू देत की! बाहेरचे परीक्षक पहिलं पान वाचतात, नंतर चहा पितात. आत कोण जातंय?”

“म्हणूनच तर पयल्या पानावर पायजे, सर.”

मी छताकडं बघितलं. तिथं काही नव्हतं.

“रामहरी, पाटबंधारे खात्यात माझं शिफारसपत्र चालतं. ते हवंय ना तुला?”

“व्हय सर. आप्पा रोज इचारत्यात.”

“मग?”

“वाक्य काढतो, सर. पण मग एकविसावं पानबी फाडा. आत एक आन् भाईर एक असं नगं. वरचं वाचून कुणी वीस टक्के राख घातली, तर भिंतीला काय ठावं आतल्या पानावर काय हाय?”

सरांनी एकविसावं पान उघडलं. आकडे त्यांच्याच देखरेखीखाली, त्यांच्याच प्रयोगशाळेत मोजलेले. पान फाडणार कसं? त्यांनी सही केली, ती इतकी जोरात की निब कागदात रुतलं.

शिफारसपत्र आलं नाही. अंतर्गत गुणही असे आले, की पहिला वर्ग थोडक्यात हुकला. परीक्षकांनी खरोखरच पहिलं पानच वाचलं आणि त्यावरून एकच प्रश्न विचारला: वीस टक्क्यांना ताकद का घटली? रामहरीनं उत्तर दिलं. मग चहा आला.

पुढं तो माढ्याला एका ठेकेदाराकडं सुपरवायझर झाला. एकदा मी तिथं गेलो होतो, तेव्हा शाळेच्या खोलीचं काम चाललं होतं. ठेकेदार म्हणत होता, “राख फुकट हाय की! घाला अजून दोन घमेली.”

रामहरीनं पिशवीतून अहवाल काढला. पहिलं पान सिमेंटच्या बोटांनी मळकट, बाकीची पानं नवी कोरी. ठेकेदाराला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून चौथं वाक्य त्यानं मराठीत वाचून दाखवलं, मोठ्यानं, पाट्या वाहणाऱ्या बायांनाही ऐकू जाईल असं.

“आन् न्हाय ऐकलं तर?” ठेकेदार.

“तर दुसरा सुपरवायझर बघा,” रामहरी म्हणाला आणि राखेच्या ढिगावर पाय रोवून उभा राहिला.

घमेली रिकामीच परत गेली.